न्हाणीच्या जाळीचा वास घासूनही परत येतो तेव्हा

बाथरूमची जाळी घासायची, वरून काहीतरी ओतायचं आणि दार लावून बाहेर पडायचं. चार दिवस बरं वाटतं. पाचव्या-सहाव्या दिवशी गरम पाण्याने आंघोळ करताना तोच आंबूस वास पुन्हा नाकात शिरतो आणि जाळीच्या कडेला बोट लावलं तर बुळबुळीत लागतं. माझ्या घरी हे जवळजवळ वर्षभर चाललं होतं. त्या वर्षात मी वासावर बरेच उपाय केले, पण वास नेमका कुठून येतो याचा शोध फार उशिरा घेतला. शोध घ्यायला लागल्यावर सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती एक साधी नोंद: साफ केल्यापासून वास परत यायला किती दिवस लागतात.

हा आकडा महत्त्वाचा का, ते कळायला जाळीखाली काय असतं हे आधी डोळ्यांसमोर आणावं लागेल.

जाळीखालचा भाग

जाळी उचलली की खाली भांड्यासारखा किंवा वळण घेतलेला एक भाग दिसतो. प्लंबर त्याला न्हाणी ट्रॅप म्हणतात. त्याच्या वळणात कायम पाणी साचलेलं असतं आणि चांगल्या ट्रॅपमध्ये या पाण्याच्या अडसराची खोली साधारण ५० मिलीमीटर असते. गटाराची हवा वर येऊ नये म्हणून हे पाणी तिथे असतं, त्यामुळे टॉर्च मारल्यावर आत पाणी चमकताना दिसलं तर ते तुंबलंय असं समजू नका. काही जाळ्यांखाली एक वाटी उपडी घातलेली असते आणि तिची कड पाण्यात बुडलेली असते. तिथेही तत्त्व तेच, फक्त पाण्याची खोली फारच कमी असते. पाणी लवकर जावं म्हणून कोणी ती वाटी काढून ठेवली असेल, तर अडसरच उरत नाही आणि मग कितीही घासलं तरी गटाराचा वास येतच राहतो. म्हणून आधी वाटी जागेवर आहे का ते बघा.

आता या पाण्याच्या वरचा आणि जाळीच्या खालचा भाग बघा. पाइपची उभी भिंत, ट्रॅपच्या तोंडाची कड, जाळीची चौकट आणि जाळीची खालची बाजू, हे सगळं कधी पूर्ण बुडत नाही आणि कधी पूर्ण वाळतही नाही. रोज त्यावरून साबण, अंगाचं तेल, त्वचेचा मळ आणि केस जातात. पाणी जड असेल तर त्यातल्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन पांढुरका चिकट राप बसतो. त्या रापावर जिवाणू वाढतात आणि स्वतःभोवती जेलीसारखा पदार्थ सोडतात. आपल्या बोटाला लागतो तो बुळबुळीतपणा याच जेलीचा. याला बरेच जण शेवाळ म्हणतात, पण शेवाळाला उजेड लागतो आणि हा थर जाळीखालच्या अंधारातही मजेत वाढतो. गुलाबी किंवा नारिंगी झाक दिसली तर तीही बहुतेक वेळा जिवाणूंचीच असते.

थर जाड झाला की त्याच्या आतल्या बाजूला हवा पोहोचत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथे काम करू लागतात आणि आंबूस, कुबट, कधीकधी सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. शिवाय ती जेली आतल्या जिवाणूंना औषधापासून वाचवते. वरून ओतलेलं ब्लीच थराचा पृष्ठभाग मारतं, त्याखालचे जिवाणू जिवंत राहतात आणि थोड्याच दिवसांत थर पुन्हा भरून काढतात. औषध टाकल्यावर येणारा तो चार दिवसांचा आराम असा असतो.

दिवस काय सांगतात

जाळी आणि पाइप नीट घासल्यानंतर काही तासांतच वास परत येत असेल, तर तो बुळबुळ्याचा नाही. इतक्या लवकर थर तयारच होत नाही. तो वास पाण्याच्या अडसराच्या पलीकडून, म्हणजे गटाराकडून येतोय, किंवा मुळात तो जाळीचाच नाही.

घर बंद ठेवून बाहेरगावी गेल्यावर किंवा फार न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्येच वास येत असेल, तर ट्रॅपमधलं पाणी आटलंय. एक बादली पाणी सावकाश ओतल्यावर वास तिथल्या तिथे थांबला, तर निदान पक्कं.

तीन-चार आठवड्यांनी वास जाणवू लागत असेल, तर ते नेहमीचं आहे. कुठल्याही वापरात असलेल्या जाळीखाली थर बसतोच आणि महिन्याभराने तो घासून काढावा लागतो.

आणि चार ते सात दिवसांनी परत येत असेल, तर कुठेतरी जुन्या थराचा साठा शिल्लक राहिलाय, जिथे तुमचा ब्रश पोहोचलेलाच नाही. साफ केलेल्या भागावर तिथून पुन्हा लागण होते. सगळ्यात जास्त चिवट प्रकार हाच असतो, कारण साफसफाई तर खरोखर केलेली असते, म्हणून माणूस आणखी जहाल औषधाकडे वळतो. मीही तसाच वळलो होतो, आणि त्याचा परिणाम काय झाला ते पुढे सांगतो.

वास कधी वाढतो तेही लिहून ठेवा. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर वाढत असेल तर संशय थरावर घ्या, कारण ऊब मिळाली की त्यातले वास सुटतात. शेजारचा फ्लश ओढल्यावर जाळीतून गुडगुड आवाज येऊन मग वास येत असेल, तर फ्लशच्या ओढीने ट्रॅपमधलं पाणी खेचलं जातंय. म्हणजे पाइपांना हवा मिळत नाही आणि ते घासण्याने सुटणारं काम नाही.

आधी एक रात्रीची चाचणी

वास जाळीचाच आहे हे गृहीत धरू नका. बेसिनखालच्या नळीला वळण नसेल, तर बेसिनच्या भोकातून वास येतो आणि आळ जाळीवर येतो. कमोडच्या बुडाशी भेग पडली असेल किंवा पायपुसणं ओलं राहत असेल, तरी असाच गोंधळ होतो.

रात्री सगळ्यांची कामं उरकल्यावर जाळीभोवतीची फरशी कोरडी पुसा. जाडसर प्लास्टिकचा तुकडा जाळीवर ठेवून चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा. खिडकी, दार आणि हवा बाहेर फेकणारा पंखा, तिन्ही बंद ठेवा. सकाळी दार उघडल्यावर पहिला श्वास घ्या. वास नसेल तर जाळीच दोषी. वास तसाच असेल तर जाळी सोडून बाकीच्या जागा तपासा. मग प्लास्टिकचा एक कोपरा उचलून आतला वास घ्या. ओल्या फडक्यासारखा, आंबूस असेल तर बहुधा थर, आणि सरळ गटारासारखा असेल तर अडसर कमजोर झालेला. फक्त सडक्या अंड्याच्या वासावरून निर्णय देऊ नका, तो दोन्हीकडून येऊ शकतो. तिथे बादलीभर पाणी ओतून काय होतं ते बघा.

प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक, केसाळ पंखांच्या करड्या माश्या बसलेल्या दिसल्या, तर जाळीखाली जाड थर आहे हे नक्की. त्यांच्या अळ्या त्या थरातच वाढतात. उडणाऱ्या माश्यांवर फवारा मारून काही उपयोग होत नाही, थर गेला की त्या दोन-तीन आठवड्यांत आपोआप संपतात.

घासण्याचा क्रम

हातमोजे आणि चष्मा घाला, खिडकी उघडा. जाळीचे स्क्रू काढा. स्क्रू नसतील तर जुन्या सुरीचं टोक खाचेत घालून जाळी हळूच वर घ्या. जाळी रापाने घट्ट बसलेली असेल तर आधी कडेने गरम पाणी सोडा, जोर लावून फरशीचा कोपरा उडवू नका.

आधी कोरडंच काम करा. केसांचा गुंता तारेच्या आकड्याने ओढून बाहेर काढा आणि कचऱ्यात टाका. ट्रॅपच्या पाण्यात लोंबणारा केसांचा झुपका फक्त घाण धरून ठेवतो असं नाही. त्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं टोक पलीकडे उतरत्या पाइपात असेल, तर तो दिव्याच्या वातीसारखा ट्रॅपमधलं पाणी शोषून पलीकडे सोडत राहतो, आणि रोज वापरात नसलेल्या न्हाणीत अडसर असा नकळत रिकामा होतो.

मग एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा भांडी घासायचा द्रव साबण मिसळा. जाळी त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा वगळा, तो ॲल्युमिनियमला खातो. याच मिश्रणात बाटली धुण्याचा ब्रश बुडवून पाइपची उभी भिंत घासा. ट्रॅपमधलं पाणी आधी काढू नका, म्हणजे काम चालू असताना गटाराची हवा अंगावर येणार नाही. पाणी हाताला सोसवेल त्याहून थोडंच जास्त गरम असू द्या, साधारण ६० अंशांपर्यंत. उकळतं पाणी ओतायचा मोह होतो, पण प्लास्टिकचा पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि सांधे ढिले होतात.

तेलकट थर सोड्याने सुटतो, पण क्षारांचा पांढरा राप सोड्याला दाद देत नाही. त्याला सौम्य आम्ल लागतं. जाळी स्वच्छ धुवा आणि मग लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवून त्यात वीस मिनिटं ठेवा. नंतर जुन्या टूथब्रशने भोकं आणि खालच्या कडा घासा. सोडा आणि आम्ल एकत्र ओतून फसफस करण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. फेस दिसतो खरा, पण दोघं एकमेकांना मारतात आणि जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. एकामागून एक, मध्ये पाण्याने धुऊन वापरले तर दोघांचाही उपयोग होतो.

शेवटी ट्रॅपच्या तळाचा गाळ जुन्या पळीने काढा आणि १५ लिटरची बादली एकदम ओता. या वेळी मात्र धार जोरातच हवी, म्हणजे सुटलेले पोपडे पुढे वाहून जातील. थोडं पाणी नंतर सावकाश ओता, कारण जोराच्या धारेने ट्रॅप कधीकधी अर्धा रिकामा होतो.

ब्लीच वापरायचंच असेल तर ते दुसऱ्या दिवशी, थर निघाल्यानंतर. एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुणं. स्टीलच्या जाळीवर ते राहू दिलं तर बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत पुढचा थर आणखी घट्ट बसतो. ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो श्वास कोंडण्याइतका घातक ठरू शकतो. टॉयलेट साफ करायच्या बऱ्याच द्रवांमध्ये आम्लच असतं आणि ते त्याच पाइपात उतरतं, हे लक्षात ठेवा. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको.

माझ्या न्हाणीत काय निघालं

वर लिहिलेलं सगळं मी नीट केलं. तरी वहीत नोंद झाली ती अशी: रविवारी साफ केलं, गुरुवारपर्यंत काही नाही, शुक्रवारी आंघोळीनंतर आंबूस वास, शनिवारी दिवसभर. दुसऱ्या आठवड्यात पाइपची भिंत जास्त खोलवर घासली, तर दोन दिवस जास्त मिळाले. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सहावा दिवस. ट्रॅपमध्ये पाणी भरलेलं, प्लास्टिकच्या चाचणीत वास आतच कोंडलेला, गुडगुड नाही. म्हणजे थरच, आणि तोही ब्रशला न सापडणारा.

मग मी एक छोटा आरसा दोरीने काठीला बांधला, जाळी काढून तो आत धरला आणि टॉर्च मारला. वरून कधीच न दिसलेली गोष्ट त्यात दिसली. ट्रॅपचं तोंड फरशीच्या पातळीपर्यंत आलेलंच नव्हतं, ते दीड-दोन इंच खाली होतं. फरशीची चौकट आणि ट्रॅपचं तोंड यांच्यामधला भाग पाइपचा नव्हताच, गवंड्याने नुसत्या सिमेंटच्या मालाने भरलेला होता. तो माल खडबडीत होता आणि एका बाजूला चौकटीच्या खाली चक्क पोकळी झाली होती. तिथे बोटाचं पहिलं पेर आत जात होतं आणि बाहेर येताना काळी जेली घेऊन येत होतं.

सरळ ब्रश तिथे पोहोचणं शक्यच नव्हतं. एका जुन्या टूथब्रशची मान गरम पाण्यात धरून मऊ केली, काटकोनात वाकवली आणि त्या ब्रशने चौकटीची खालची बाजू घासली. तीन-चार मोठे चमचे भरतील एवढा काळा गाळ निघाला. त्या एका सफाईनंतर वास परत यायला सहाऐवजी सोळा दिवस लागले. जागा सापडली याचा याहून चांगला पुरावा नव्हता.

तुमच्याकडे आरसा आत जात नसेल, तर मोजा घातलेलं बोट चौकटीच्या खालून पूर्ण गोल फिरवा. गुळगुळीत प्लास्टिक लागलं तर ठीक. वाळूसारखं खरखरीत लागलं, बोट कुठे आत बुडालं, तर तुमचाही साठा तिथेच आहे.

ही पोकळी झाली कशी, हे मला दुरुस्तीला आलेल्या प्लंबरदादांनी विचारलं. "तुम्ही यात ॲसिड ओतता का?" ओतत होतो. फरशी साफ करायचं तीव्र ॲसिड, महिन्यातून दोनदा, वास जाईना म्हणून. हे हायड्रोक्लोरिक ॲसिड सिमेंटमधला चुना विरघळवतं. प्लास्टिकच्या पाइपला ते फारसं काही करत नाही, पण पाइपच्या तोंडाभोवतीचा माल प्रत्येक वेळी थोडा थोडा खातं. वाळूचे कण मोकळे होतात, पृष्ठभाग आणखी खडबडीत होतो आणि थराला धरायला आणखी जागा मिळते. पहिले दोन-तीन दिवस वास गेल्यासारखा वाटतो, कारण वरचा थर जळालेला असतो. त्याच वेळी पुढच्या थराचं घर मोठं झालेलं असतं. पोकळी खोल गेली तर साबणाचं पाणी फरशीखाली झिरपू लागतं आणि खालच्या छताला ओल दिसते. म्हणून न्हाणीच्या जाळीत तीव्र ॲसिड अजिबात ओतू नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे. संगमरवर असेल तर त्याच्या चकाकीचं नुकसान वेगळंच.

पोकळी बुजवणं

हे काम अवघड नाही, पण तिथे पाणी पडू न देता आठवडाभर थांबावं लागतं. आमच्याकडे दुसरं बाथरूम होतं म्हणून जमलं.

प्लंबरदादांनी आधी चौकट छिन्नीने सोडवली. त्याआधी ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फडक्याचा गोळा बसवला आणि त्याला दोरी बांधून ती बाहेर ठेवली, म्हणजे मालाचे तुकडे आत पडणार नाहीत आणि गोळाही सटकून पाइपात जाणार नाही. नखाने उकरला जाणारा सगळा सुटा माल काढला, अगदी टणक भाग लागेपर्यंत. पोकळी तारेच्या ब्रशने घासली, पातळ ब्लीचने पुसली, दोनदा पाण्याने धुतली. इथे घाई केली तर जुना थर नव्या मालाखाली गाडला जातो आणि माल तिथे धरत नाही.

अंतर जास्त असतं तर ट्रॅपच्या तोंडावर बसणारा पाइपचा जोडतुकडा घालून ते फरशीपर्यंत वर आणता आलं असतं, आणि शक्य असेल तिथे तोच उपाय उत्तम, कारण सिमेंट उघडं राहतच नाही. आमच्याकडे तोंड थोडं वाकडं बसलेलं होतं, जोडतुकडा सरळ येईना. म्हणून पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा घट्ट माल पोकळीत दाबून भरला आणि फरशीच्या कडेपासून ट्रॅपच्या तोंडापर्यंत नरसाळ्यासारखा उतार दिला. कुठेही पायरी राहू दिली नाही, कारण पाणी थांबेल अशी आडवी कड म्हणजे पुढच्या थराची जागा. वरून ओल्या बोटाने तो गुळगुळीत केला.

माल तीन दिवस ओलसर ठेवून पिकू दिला, मग दोन दिवस पूर्ण वाळू दिला. त्यावर इपॉक्सी ग्राउटचा पातळ हात फिरवला. साधं ग्राउट सिमेंटचंच असतं आणि पाणी शोषतं. इपॉक्सी शोषत नाही आणि सौम्य आम्लालाही दाद देत नाही. ओल्या मालावर मात्र ते चिकटत नाही, म्हणून वाळवण्याचे ते दोन दिवस वाचवू नयेत. त्यानंतर आणखी २४ तास पाणी लागू दिलं नाही.

चौकट बसवण्याआधी गळतीची चाचणी केली. फडक्याचा गोळा तसाच तोंडात ठेवून फरशीच्या जरा खालपर्यंत पाणी भरलं आणि पेन्सिलीने खूण केली. दोन तासांनी पाणी खुणेवरच होतं. उतरलं असतं तर आधी गोळा सैल आहे का ते बघून पुन्हा चाचणी घ्यावी लागली असती, आणि तरीही उतरलं असतं तर भरलेला माल पुन्हा उकरावा लागला असता. चौकट सिमेंटने पक्की न करता सिलिकॉनच्या बारीक रेघेवर बसवली, म्हणजे गरज पडल्यास ती पुन्हा काढता येईल.

याला आता आठ महिने झाले. वहीतल्या नोंदी पहिल्या तीन महिन्यांनंतर थांबवल्या, कारण लिहायला काही उरलं नव्हतं. थर अजूनही बसतो, पण पातळ आणि दिसेल अशा जागी. आठवड्यातून एकदा जाळी उचलून दोन मिनिटं ब्रश फिरवतो, केस रोजच्या रोज हाताने काढतो आणि महिन्यातून एकदा सोड्याच्या गरम पाण्याने पाइपची भिंत घासतो. शेवटची आंघोळ झाल्यावर दोन मग स्वच्छ पाणी जाळीत सोडतो, म्हणजे साबणाचं पाणी ट्रॅपमध्ये रात्रभर साचून राहत नाही.

घासण्याने सुटणार नाही ते

ट्रॅपमधल्या पाण्याची पातळी काठीवर खूण करून मोजा आणि ती न्हाणी दिवसभर न वापरता २४ तासांनी पुन्हा बघा. बाष्पीभवनाने एका दिवसात फारच थोडं पाणी कमी होतं. बोटभर उतरलं असेल तर ट्रॅपला चीर आहे, केसांची वात लागली आहे किंवा फ्लशच्या ओढीने पाणी जातंय. केस काढूनही तसंच झालं तर प्लंबरला बोलवा आणि पाइपांना हवेची नळी आहे का, हे तपासायला सांगा. ट्रॅप भरलेला असून गटाराचा वास फरशीच्या सांध्यांतून येत असेल किंवा खालच्या छतावर डाग वाढत असेल, तर फरशी उघडावी लागण्याची शक्यता असते. तिथे वरून काहीही ओतून दिवस ढकलू नयेत.

महिनाभर घर बंद राहणार असेल, तर जाळी घासून ट्रॅप काठोकाठ भरा आणि वर तीन-चार चमचे लिक्विड पॅराफिन सोडा. पाण्यावर त्याची पातळ साय धरते आणि पाणी आटायला बराच जास्त वेळ लागतो. खाण्याचं तेलही चालतं, पण ते काही आठवड्यांत खवट होतं आणि त्याचाच वास येऊ लागतो. परत आल्यावर आधी साबणाच्या कोमट पाण्याची एक बादली सोडून ते तेल वाहून घालवा, नाहीतर पहिल्याच आंघोळीचे केस आणि मळ त्याला धरून बसतात.